'ती' आणि तिच्या मनातलं: मुक्त अप्रत्यक्ष कथनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी अंकासाठी आलेल्या कथा वाचणं आणि लेखकांना त्या परत पाठवताना समासात टिपणं करणं, हे काम मी बरीच वर्षं करते आहे. त्यातली सर्वांत जास्त टिपणं एकाच जागी पडतात: तृतीयपुरुषी कथेत पात्राच्या मनातला विचार जिथे येतो, तिथे. त्यावर लेखकांचे जे प्रश्न उलट येतात, ते इथे एकत्र केले आहेत. साध्यापासून सुरुवात आहे, अडचणीचे प्रश्न पुढे आहेत. उदाहरणं मी याच पानासाठी रचली आहेत आणि बहुतेक एकाच प्रसंगातली आहेत: कुसुम नावाची बाई सोनेतारण कर्जासाठी बँकेत पाटल्या घेऊन आली आहे.

१. मुक्त अप्रत्यक्ष कथन म्हणजे नेमकं काय? व्याख्या नको, दाखवा.

एकच क्षण तीन तऱ्हांनी लिहून पाहू. बँकेने नेमलेला सराफ कुसुमची पाटली कसोटीच्या दगडावर घासतो आहे.

पहिली तऱ्हा: *सराफाने पाटली कसोटीवर घासली. कुसुमला वाटलं की तो फार जोरात घासतो आहे आणि त्यामुळे सोनं झिजेल. या पाटल्या आपल्याला सासूबाईंनी लग्नात घातल्या होत्या, हे तिला आठवलं.*

दुसरी: *सराफाने पाटली कसोटीवर घासली. 'किती जोरात घासतोय हा! झिजेल की सोनं,' कुसुमच्या मनात आलं. 'सासूबाईंनी लग्नात घातलेल्या पाटल्या आहेत माझ्या.'*

तिसरी: *सराफाने पाटली कसोटीवर घासली. एकदा, दोनदा. किती जोरात घासायचं ते! झिजणार नाही का सोनं? सासूबाईंनी लग्नात स्वतःच्या हाताने घातलेल्या पाटल्या, आणि हा माणूस पातेलं घासल्यासारखा घासत होता. कुसुमने काउंटरवरचा हात मागे घेतला.*

पहिलीत निवेदक कुसुमचा विचार आपल्याला कळवतो. दुसरीत कुसुम स्वतः बोलते आणि निवेदक अवतरणचिन्हांच्या बाहेर थांबतो. तिसरीत 'वाटलं' नाही, अवतरणचिन्हं नाहीत, 'मी'ही नाही. तरी 'किती जोरात घासायचं ते!' हे वाक्य निवेदकाचं नाही, हे कुणालाही सांगावं लागत नाही. व्याकरण निवेदकाचं आणि जीव कुसुमचा, अशी ती वाक्यं आहेत. हेच मुक्त अप्रत्यक्ष कथन. 'अप्रत्यक्ष' कारण 'मी' नाही. 'मुक्त' कारण 'तिला वाटलं की' या दोरीतून वाक्य सुटलं आहे.

२. हे नाव कुठून आलं? जुनं आहे का हे तंत्र?

नाव फ्रेंचमधून आलं. जिनिव्हाचे भाषाशास्त्रज्ञ शार्ल बायी यांनी १९१२ साली त्याला 'स्टील अँदिरेक्त लिब्र' म्हटलं, म्हणजे मुक्त अप्रत्यक्ष शैली. तंत्र त्याच्या शंभरेक वर्षं आधीपासून युरोपातल्या कादंबरीकारांच्या हातात होतं. नाव नव्हतं म्हणून कुणाचं अडलं नव्हतं. मराठी लेखकांच्या बाबतीतही मला तोच अनुभव येतो. ज्यांना हे जमतं त्यांच्यापैकी अनेकांनी हा शब्द कधी ऐकलेलाही नसतो.

३. मग 'तिला वाटलं', 'त्याच्या मनात आलं' हे लिहायचंच नाही का?

लिहायचं. ते दार आहे. वाचकाला पात्राच्या मनात नेताना पहिल्या वेळी एखादं 'तिला वाटलं' लागतं, विशेषतः कथेच्या सुरुवातीला, जेव्हा कुणाच्या बाजूने वाचायचं हे ठरलेलं नसतं. अडचण होते ती प्रत्येक वाक्याला दार बसवल्याने. तीन पानांत चौदा वेळा 'तिला वाटलं' आलेली कथा माझ्याकडे येते, तेव्हा मी पहिलं ठेवते आणि पुढची काढून वाचते. बहुतेक ठिकाणी काहीही बिघडत नाही.

पण काही ठिकाणी बिघडतं, आणि ती जागा ओळखता आली पाहिजे. *त्याला वाटलं की बाहेर पाऊस पडतोय. पण ती नळाची धार होती.* इथून 'त्याला वाटलं की' काढलं तर 'बाहेर पाऊस पडतोय' उरतं, आणि वाचक ते खरं धरून चालतो. पुढच्या वाक्यात त्याची फसगत होते. ती फसगत तुम्हाला हवी असेल तर काढा, नको असेल तर राहू द्या.

४. अवतरणचिन्हं नाहीत, 'वाटलं' नाही. मग वाक्य पात्राचं आहे हे वाचकाला कळतं कशावरून?

मराठीत याच्या खुणा फार लहान असतात. प्रश्न १ मधल्या तिसऱ्या तऱ्हेतलं 'हा माणूस घासत होता' पाहा. 'होता' हा निवेदकाचा भूतकाळ आहे. पण 'हा' म्हणायला समोर उभं राहावं लागतं. निवेदक दूर आहे, त्याने 'तो माणूस' म्हटलं असतं. 'हा' आणि 'होता' एकाच वाक्यात आले, की दोन माणसं एकत्र बोलू लागली असं समजावं. 'आता', 'आज', 'उद्या', 'इथे' यांचंही तसंच. *उद्या हप्ता भरायचा होता* या वाक्यातला 'उद्या' कुसुमच्या दिवसापासून मोजलेला आहे आणि 'होता' निवेदकाच्या दिवसापासून. व्याकरणाच्या वहीत हे चुकीचं दिसेल, कथेत अगदी सरळ वाचलं जातं.

दुसरी खूण म्हणजे आपली अव्यय आणि शब्दांच्या शेपट्या: च, की, ना, तर, बरं, काहीतरीच, कशाला. *दगडच खराब असणार.* या 'च'मध्ये एक माणूस आहे, त्याला काहीतरी मान्य करायचं नाही. 'दगड खराब असणार' या वाक्यात तो माणूस निम्मा होतो. समासात मी सर्वांत जास्त वेळा लिहिते ते हेच: इथला 'च' कुणाचा?

तिसरी खूण शब्दसंग्रह. यासाठी मी एक चाचणी वापरते. वाक्य पात्राच्या तोंडी द्यायचं, मोठ्याने म्हणायचं आणि तिने हा शब्द वापरला असता का ते पाहायचं. *कुसुमला एक अनामिक हुरहूर लागून राहिली.* कुसुम आयुष्यात कधी 'अनामिक हुरहूर' म्हणणार नाही. ते लेखकाचं वाक्य आहे, आणि आजूबाजूची चार वाक्यं कुसुमची असतील तर तिथे लेखक मध्येच आत शिरलेला दिसतो. *पोटात कसंतरीच होत होतं.* हे तिचं.

५. 'आपण' वापरलं तर चालतं का? 'आपण चुकलो' असं?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि त्याचं उत्तर इंग्रजीतल्या लेखनमार्गदर्शक पुस्तकांत सापडत नाही. कारण इंग्रजीत हे सर्वनामच नाही.

मराठीत 'त्याला वाटलं, आपण चुकलो' यातला 'आपण' म्हणजे ज्याला वाटलं तोच. 'तो चुकला' लिहिलं असतं तर हा 'तो' दुसरा कुणी असू शकला असता. आता 'त्याला वाटलं' काढून टाका. *आपण चुकलो.* वाक्य उभं राहतं. 'मी' नाही, 'तो' नाही. विचार करणारा स्वतःकडे पाहतो आहे एवढंच कळतं. शिवाय बाईच्या बाबतीतही क्रियापद 'चुकलो', 'गेलो' असंच येतं, म्हणजे लिंगही पुसलं जातं. मला हे 'ती' आणि 'मी' यांच्या मधलं तिसरं आसन वाटतं. 'मी'कडे जरा जास्त झुकलेलं, पण तिसरं.

म्हणून 'आपण' वापरा, मात्र दोन गोष्टी सांभाळा. एक, 'आपण'चा दुसरा अर्थ 'तू आणि मी' असा आहे. प्रसंगात दोघं असतील तर घोळ होतो. *कुसुमने नवऱ्याकडे पाहिलं. आपण घरी जावं हे बरं.* एकटी जाणार की दोघं? अशा जागी नुसतं *घरी जावं हे बरं* पुरतं. दोन, एकाच परिच्छेदात 'आपण' आणि 'ती' यांची अदलाबदल करत राहिलात तर वाचकाला सारखी खुर्ची बदलावी लागते. *तिने पाटली उचलली. आपण हे आधी का नाही पाहिलं? तिला राग आला. आपल्याला कुणी सांगितलं का नाही?* इथे सरळ मार्ग असा, की बाहेरून दिसणाऱ्या कृतीला 'ती' आणि आतल्या विचाराला 'आपण' ठेवायचं, आणि 'तिला राग आला' सारखं मधलं वाक्य काढून टाकायचं. राग प्रश्नांतच आहे.

६. कर्ता गाळला तर काय होतं?

मराठीतलं सर्वांत मोठं सोयीचं काम इथे होतं, आणि आपण ते रोज बोलताना करतो म्हणून लक्षात येत नाही.

*आता निघायला हवं.* कुणी? 'मला निघायला हवं' आणि 'तिला निघायला हवं', दोन्हींत क्रियापद तेच. 'लागेल', 'परवडत नाही', 'आठवत नव्हतं', 'चालणार नाही' या सगळ्यांचं असंच आहे. अनुभवणारा माणूस 'ला' लावून येतो आणि क्रियापद त्याच्याकडे पाहतच नाही. भूतकाळातल्या सकर्मक वाक्यांतही तेच: 'मी चूक केली', 'तिने चूक केली'. 'केली' चुकीप्रमाणे बदलते, चूक करणाऱ्याप्रमाणे नाही. कर्ता गाळून *चूक केली* एवढंच लिहिलं, की ते निवेदकाचंही वाक्य आहे आणि पात्राचंही, आणि कुठलाही शब्द त्यातलं एक निवडायला भाग पाडत नाही. हीच ती मिसळण.

जिथे क्रियापद कर्त्याकडे वळतं तिथे हे जमत नाही. 'जाईन' आणि 'जाईल', 'आले' आणि 'आली' यांत माणूस दिसतोच. तिथे 'णार' मदतीला येतो: *आज पुन्हा उशीर होणार. पुन्हा बोलणी खावी लागणार.*

मर्यादा एवढीच, की सलग पाच-सहा वाक्यं कर्त्याशिवाय आली तर प्रसंग हवेत तरंगू लागतो. मग एखादं ठाम, नाव घेतलेलं वाक्य टाकावं: *कुसुम बाकावर बसली.* त्यावर पुढची चार वाक्यं पुन्हा उभी राहतात.

७. काळ कुठला ठेवायचा? 'उशीर होत होता' की 'उशीर होतोय'?

मराठीत दोन्ही शक्य आहेत. इंग्रजीत अप्रत्यक्ष कथन करताना काळ मागे सरकवतात, हे आपण शाळेत त्या विषयात घोकलं. मराठीत तसं सरकवत नाहीत. 'तिला वाटलं की उशीर होतोय' हेच नेहमीचं मराठी आहे. त्यामुळे 'तिला वाटलं की' काढलं तरी 'उशीर होतोय' हे वर्तमानातलं रूप तसंच राहू शकतं, आणि भूतकाळी निवेदनात ते खटकत नाही.

फरक अंतराचा आहे. *उद्या तिला हप्ता भरायचा होता* यात निवेदकाचा हात खांद्यावर आहे. *उद्या तिला हप्ता भरायचाय* यात तो हात सुटला, 'तिला' एवढा धागा उरला. *उद्या हप्ता भरायचाय* यात तोही सुटला. मी स्वतः लेखकांना असं सुचवते, की प्रसंगाचा बराच भाग 'होता'मध्ये चालू द्या आणि वर्तमानकाळ नेमक्या ताणाच्या जागेसाठी राखून ठेवा. पहिल्या परिच्छेदापासून वर्तमानकाळ वापरला तर ताण चढवायला पुढे काही शिल्लक राहत नाही.

८. पात्र स्वतःची फसवणूक करत असेल, तर ते या पद्धतीने कसं दाखवायचं?

या तंत्राची खरी ताकद इथे आहे, म्हणून कुसुमचाच प्रसंग थोडा पुढे नेते.

*'अठरा,' सराफ म्हणाला.*

*अठरा? काहीतरीच. दगडच खराब असणार. सकाळपासून किती जणींचं सोनं घासलं असेल त्यावर. सासूबाईंनी बावीसचं म्हणूनच घातलं होतं, सगळ्या मांडवासमोर. कुसुमने पाटली उलटी करून आतली बाजू पाहिली. तिथे शिक्का नव्हता. एकोणीस वर्षं रोज हातात होती आणि कधी पाहिलंच नव्हतं.*

'दगडच खराब असणार' हे निवेदकाने खोडून काढलेलं नाही. 'असं म्हणून तिने मनाची समजूत घातली' हे वाक्य मुद्दाम लिहिलेलं नाही. वाचक कुसुमबरोबर दगडावर संशय घेतो आणि त्याच वेळी त्याला माहीत असतं, की दगड बरोबर आहे. 'सगळ्या मांडवासमोर' हे तिच्या दृष्टीने पुरावा आहे, वाचकाच्या दृष्टीने नाही. मग 'तिथे शिक्का नव्हता' येतं. हे वाक्य दोघांचं आहे: निवेदकाच्या दृष्टीने वस्तुस्थिती आणि कुसुमच्या डोळ्यांसमोर आत्ता दिसलेली गोष्ट. तिथून पुढे ती स्वतःला फसवू शकत नाही. शेवटच्या वाक्यात कर्ता नाही (प्रश्न ६), त्यामुळे कुणाला दोष द्यायचा हेही उघडं राहतं.

हे बिघडतं कसं, तर लेखकाला धीर धरवत नाही म्हणून. 'दगडच खराब असणार' नंतर 'तिला सत्य स्वीकारायचं नव्हतं' असं लिहिलं, की वाचकाने करायचं काम लेखकाने करून टाकलं. खोडून पाहा, प्रसंग घट्ट होतो.

९. निवेदनात 'सासूबाई' लिहू की त्यांचं नाव? 'आल्या' की 'आली'?

प्रसंग ज्याच्या मनातून चालला आहे, त्याचं नातं निवेदनात येऊ द्या. कुसुमच्या भागात त्या 'सासूबाई'च. तिथे अचानक 'शांताबाईंनी कपाट उघडलं' आलं, तर वाचकाला वाटतं घरात आणखी एक बाई आली. थोरल्या जावेच्या मनातून प्रकरण सुरू झालं, की तिथे कुसुम 'धाकटी' होऊ शकते, आणि त्या एका शब्दाने मन बदलल्याचं कळतं.

आदराच्या रूपाचं तर याहून बारीक काम आहे. कुसुमच्या मनात सासूबाई सगळीकडे 'आल्या', 'म्हणाल्या' आहेत. आता हे वाचा: *म्हणजे सासूबाईंना माहीत होतं. एकोणीस वर्षं ही बाई सगळं जाणून गप्प बसली.* 'बसल्या'चं 'बसली' झालं. कुसुम तोंडाने आयुष्यात असं बोलणार नाही, आणि निवेदकाला सासूबाईंचा अनादर करायचं काही कारण नाही. तो आदर कुसुमच्या मनात, त्याच क्षणी गळून पडला. पुढच्या वाक्यात ती घरी पोचल्यावर *सासूबाई देवापुढे बसल्या होत्या* असं लिहिलं, तर आदर परत आला की सवयीने आला, हे वाचक ठरवेल.

यासाठी आधीच्या सगळ्या पानांत 'आल्या' न चुकता सांभाळलेलं हवं. मुद्रितशोधनात हे रूप 'चूक' म्हणून सुधारलं जाण्याची भीती खरी आहे. माझ्या हातून एका कथेत तसं झालं होतं. अंक छापून आल्यावर लेखिकेचा फोन आला तेव्हा कळलं. तेव्हापासून अशा जागी हस्तलिखितावर 'मुद्दाम' असं लिहून पाठवा, असं मी सगळ्यांना सांगते.

१०. पात्र बोलीत विचार करतं आणि माझं निवेदन प्रमाण मराठीत आहे. मिसळू कसं?

ग्रामीण कथेत बराच काळ संवाद बोलीत आणि निवेदन प्रमाण भाषेत अशी वाटणी होती. ती वाटणी ठेवली तर पात्राचा विचार कुठल्या बाजूला टाकायचा, हाच प्रश्न पडतो.

माझं मत असं, की शब्द आणि अव्ययं बोलीतली येऊ द्या, क्रियापदांची रूपं निवेदनाची ठेवा. ऊसतोडीला आलेल्या नामदेवचं हे पाहा: *नामदेवने बोटांवर मोजलं. उचल फिटायला अजून दोन महिने. लई झालं. बैल विकायचा म्हटला तरी उन्हाळ्यात कोण घेणार होतं?* 'लई' आणि 'उचल' नामदेवचे आहेत, 'घेणार होतं' निवेदकाचं. वाचक अडखळत नाही. मुकादमाकडून घेतलेल्या पैशांना 'आगाऊ रक्कम' म्हटलं असतं तर मात्र नामदेव तिथून निघून गेला असता.

बोलीची क्रियापदंही निवेदनात आणायची असतील तर संपूर्ण कथाच त्या बोलीत सांगा. अर्धंमुर्धं केलं की बोली नकलेसारखी दिसते, आणि पात्राचा अपमान होतो.

११. हे आणि संज्ञाप्रवाह एकच का?

नाही. संज्ञाप्रवाहात मनातलं जसं उसळतं तसं, बहुधा 'मी'मधून आणि वाक्यांची मोडतोड करत येतं. इथे वाक्यं शाबूत असतात आणि निवेदक कधीच पूर्ण निघून जात नाही.

१२. फक्त विचारच का? पात्राचं बोलणंही असं मिसळता येतं का?

येतं, आणि कार्यालयातल्या प्रसंगांना ते फार शोभतं. *कुसुम खिडकीशी गेली. साहेब जेवायला गेले होते. अर्ध्या तासाने या. नाहीतर उद्या या, सकाळी, टोकन घेऊन.* हे कारकुनाचं बोलणं आहे, पण अवतरणचिन्हांत घातलेलं नाही. त्यामुळे ते एका माणसाचं न राहता खिडकीचंच बोलणं झालं.

'म्हणे' इथे जपून वापरा. *कागद अपुरे होते म्हणे.* बोलणं कारकुनाचं, पण 'म्हणे' कुसुमचं. तिला ते पटलेलं नाही. दोन आवाज या वाक्यात आधीच आहेत, निवेदक धरून तीन होतात. त्यात चौथा कुणाचा सूर आला तर कुणाचंच काही कळत नाही.

१३. एकाच प्रसंगात दोघांच्या मनात शिरता येईल का?

येईल, पण मध्ये बाहेर पडून. कुसुमच्या विचारातून थेट सराफाच्या विचारात उडी मारली, तर सराफाचं पहिलं वाक्य वाचक कुसुमचंच समजून वाचतो. *अठरा? काहीतरीच. दगडच खराब असणार. रोज हेच ऐकायचं.* शेवटचं सराफाचं आहे, हे लेखकाशिवाय कुणाला कळणार? मधे कुणालाही दिसेल असं एक वाक्य हवं: *सराफाने दगड पुसून बाजूला ठेवला आणि पुढचं टोकन पुकारलं. रोज हेच ऐकायचं.* नाव आलं, हाताची कृती आली, मग मन. तरीही लघुकथेत एका प्रसंगाला एक मन पुरतं, असं माझं मत आहे.

एक अपवाद मला फार आवडतो. मन एकाचं नसून सगळ्यांचं असतं, तो. *वाड्यातल्या सगळ्यांना माहीत होतं. भरल्या घरातली सून बँकेत जाते, तीही पाटल्या घेऊन? असं काय अडलं होतं?* हा विचार कुणा एकीचा नाही. तो जिन्यात, नळावर, दारात उभा आहे. या सामूहिक आवाजासाठी 'म्हणे' आणि 'कशाला' ही अवजारं नेमकी पडतात.

१४. प्रथमपुरुषी कथेत हे शक्य आहे का?

आहे. तिथे सांगणारा 'मी' आणि तेव्हाचा 'मी' असे दोघं असतात. *मी बँकेत बसून होते. आता काय सांगणार होते मी घरी?* 'आता' तेव्हाच्या बाईचं, 'होते' आज सांगणारीचं. प्रश्न ४ मधल्या खुणा जशाच्या तशा लागू पडतात.

१५. इंग्रजीतून अनुवाद करताना 'वुड' आलं की अडतं. काय करावं?

अशा उताऱ्यांत 'वुड' बहुतेक वेळा पात्राचा भविष्यकाळ असतो, निवेदनाच्या भूतकाळात ओढलेला. त्याचा अनुवाद सवयीने 'उशीर झाला असता' असा केला जातो, आणि मराठीत त्याचा अर्थ 'उशीर झाला नाही' असा होतो. पात्र धास्तावलेलं असतं आणि अनुवादात त्याची धास्ती आधीच फोल ठरलेली असते.

'उशीर होणार होता' हे त्याहून बरं, पण 'होणार होता' मध्येही 'पण झाला नाही' असा वास येऊ शकतो. 'तो काल येणार होता' म्हटल्यावर आपण काय समजतो ते आठवा. म्हणून नुसतं 'उशीर होणार' किंवा 'उशीर होईल' ठेवावं. मराठीत काळ सरकवायची गरजच नाही (प्रश्न ७).

१६. पात्राचं मत वाचकाने माझं समजलं तर?

समजतात. याची सर्वांत गाजलेली घटना फ्रान्समधली. फ्लोबेअरची कादंबरी 'मादाम बोव्हारी' १८५६ साली नियतकालिकातून क्रमशः आली आणि १८५७च्या जानेवारीत त्याच्यावर नीतिमत्तेला धक्का दिल्याचा खटला उभा राहिला. सरकारी वकील होते एर्नेस्ट पिनार. प्रियकर मिळाल्याच्या आनंदात कादंबरीची विवाहित नायिका एमा आरशात पाहते आणि आता काहीतरी अद्भुत सुरू होणार, सगळं उत्कट असणार, असं तिच्या मनात उमलत जातं. तो उतारा मुक्त अप्रत्यक्ष कथनात आहे. 'एमाला वाटलं' असं प्रत्येक वाक्यात नाही, म्हणून ती वाक्यं व्यभिचाराची लेखकाने केलेली स्तुती म्हणून वाचता आली. पुढे हान्स रॉबर्ट याऊस या जर्मन समीक्षकाने या खटल्यातलं शैलीचं हे कोडं उलगडून दाखवलं. ७ फेब्रुवारी १८५७ रोजी फ्लोबेअर निर्दोष सुटला, न्यायालयाने पुस्तकाला नावं ठेवली तरी.

माझ्या अनुभवात प्रकरण पत्रांवर थांबतं. मी पाहिलेल्या एका कथेत घरमालकाच्या मनातून भाडेकरूंबद्दल अतिशय वाईट विचार येत होते, आणि लेखकाला भाडेकरूंचा तिरस्कार आहे असं एका वाचकाने कळकळीने लिहून पाठवलं. मी कथा पुन्हा काढून वाचली. वाचकाचं पूर्णपणे चुकलं नव्हतं. त्या परिच्छेदात एकही खूण नव्हती: 'च' नव्हता, 'हे लोक' नव्हतं, 'आता' नव्हतं. वाक्यं ठाम, प्रमाण, विधानासारखी होती. 'भाडेकरू घराची काळजी घेत नाहीत.' हे कुणाचंही असू शकतं. 'ह्यांना काय, घर थोडंच ह्यांचं आहे!' हे फक्त त्या मालकाचं.

म्हणून असं कडू मत लिहिताना दोन्ही बाजूंना पात्राचं शरीर ठेवा. आधी एक कृती, नंतर एक कृती: मालक जिना चढतो, विचार येतो, मालक भिंतीवरचा ओरखडा बोटाने चाचपतो. आणि त्या विचाराच्या आत निदान एक शब्द असा ठेवा, जो तुम्ही स्वतः कधीच वापरला नसता.